दोन हजार प्रतींचा मोह

छापखान्यातून येणाऱ्या कोटेशनमध्ये एक ओळ अशी असते की ती वाचली की संपादकाचा हात आखडायचा सोडून सैल होतो. पाचशे प्रती छापल्या तर एक प्रत दोनशे रुपयांना पडते, हजार छापल्या तर एकशेवीसला आणि दोन हजार छापल्या तर पंच्याऐंशीला. आकडे असे उतरत गेले की कोणालाही वाटणार, जास्त छापण्यातच शहाणपण आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यातून निघणारा दिवाळी अंक किंवा एखादं पुस्तक तोट्यात जातं तेव्हा दोष कागदाच्या भावाला दिला जातो, वाचकाला दिला जातो, वितरकाला तर हमखास दिला जातो. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा तोटा याच ओळीत, म्हणजे प्रतींची संख्या ठरवण्याच्या क्षणी, पक्का झालेला असतो. छापलेल्या प्रतीची किंमत आणि विकलेल्या प्रतीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोटेशन पहिलीच सांगतं. दुसरी संपादकाने स्वतः काढायची असते.

हे नुसतं विधान राहू नये म्हणून एक अंक डोळ्यांसमोर ठेवू. अंक कल्पित आहे आणि दर हिशेबापुरते धरलेले आहेत. छापखाना, गाव आणि महिना बदलला की दर बदलतील, पण हिशेबाची चाल तीच राहील. पृष्ठं १६०, आकार क्राउन चतुर्थांश, म्हणजे आपले बहुतेक दिवाळी अंक असतात तो. आत ७० जीएसएमचा मॅपलिथो, वर रंगीत मुखपृष्ठ, किंमत २५० रुपये. वीस बाय तीस इंचाच्या एका कागदावर या आकाराची दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पृष्ठं बसतात, त्याला एक फॉर्म म्हणतात. १६० पृष्ठांचे दहा फॉर्म, म्हणजे एका प्रतीला दहा कागद. असा एक कागद सुमारे २७ ग्रॅम भरतो. दहा कागद आणि वरचं जाड मुखपृष्ठ मिळून प्रत तीनशे ग्रॅमच्या आसपास जाते. हे वजन लक्षात ठेवायला हवं, कारण टपालाकडे वळल्यावर ते पुन्हा समोर येणार आहे.

आता खर्च दोन ढिगांत टाकू. पहिल्या ढिगात असे खर्च की एक प्रत छापा किंवा हजार छापा, ते तेवढेच. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचे १६ हजार, मुखपृष्ठ आणि आतल्या चित्रांचे १४ हजार, पंचवीस लेखकांना हजार रुपयांप्रमाणे मानधन २५ हजार, प्लेटांचे ८ हजार, पत्रव्यवहार आणि फिरण्याचे ३ हजार. छपाईचे १४ हजारही याच ढिगात जातात, कारण यंत्राचा दर हजार छापांवर असतो आणि सहाशे छापले तरी पैसे हजाराचेच द्यावे लागतात. यंत्राला प्लेट लावायला, शाई जुळवायला आणि पहिले कागद वाया घालवायला जो वेळ जातो तो तेवढाच असतो, म्हणून ही रीत. एकूण ८० हजार. दुसऱ्या ढिगात प्रतीगणिक वाढणारा खर्च. कागद किलोला ८० रुपये धरला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, पाच टक्के नासाडी धरली, तर आतला कागद २७ रुपयांचा होतो. मुखपृष्ठाचा कार्ड कागद, लॅमिनेशन आणि बाइंडिंग मिळून आणखी १३. म्हणजे प्रतीमागे ४० रुपये. हजाराच्या पुढे गेलं तर दुसऱ्या हजाराच्या छपाईचे १० हजार वाढतात.

इथे जीएसटीबद्दल थोडं थांबायला हवं, कारण २०२५च्या सप्टेंबरात छपाईच्या कागदावरचा कर १२वरून १८ टक्क्यांवर गेला. वह्यांच्या कागदाला सूट मिळाली, पुस्तकांच्या कागदाला मिळाली नाही. पुस्तकांवर आणि नियतकालिकांवर मात्र विक्रीच्या वेळी कर नाही. वाचकाला ही सवलत वाटते आणि ती आहेही. पण प्रकाशकाच्या बाजूने पाहिलं तर विक्रीवर कर लागत नसल्यामुळे कागदावर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय त्याला राहत नाही. तो कर सरळ प्रतीच्या किमतीत मुरतो. आपल्या हिशेबात प्रतीमागे चार रुपयांहून थोडे जास्त करापोटी जातात, आणि जी प्रत विकली जात नाही तिच्यावरचा करही भरून झालेला असतो.

दोन्ही ढीग एकत्र केले की सुरुवातीचे आकडे जुळतात. पाचशे प्रतींना एक लाख, हजारांना १ लाख २० हजार, दोन हजारांना १ लाख ७० हजार. पंच्याऐंशी रुपयांत पडणारी प्रत २५० रुपयांना विकायची, म्हणजे कागदावर भरपूर फायदा दिसतो. आता विक्रीकडून उलटं येऊ. समजा अंक खरोखर ४५० विकले गेले. त्यातल्या २०० प्रती जिल्ह्यातच, ओळखीच्या आणि नियमित वाचकांना थेट पूर्ण किमतीत गेल्या. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके, म्हणजे तालुक्याला सरासरी पंचवीस. उरलेल्या अडीचशे दुकानदार आणि वितरकांमार्फत गेल्या. त्यांचं कमिशन ४० टक्के धरलं तर प्रतीमागे हाती १५० येतात. एकूण वसुली ८७ हजार ५०० रुपये. लेखक, जाहिरातदार, परीक्षणं आणि अदलाबदल यांसाठी ऐंशी प्रती फुकट जाणारच. म्हणजे गरज ५३० प्रतींची, थोडी मोकळीक ठेवून सहाशे छापायच्या. त्यांचा खर्च १ लाख ४ हजार आणि विक्रीतून तूट साडेसोळा हजारांची. तेवढ्याच विक्रीला दोन हजार छापल्या असत्या तर तूट साडेब्याऐंशी हजारांची. विकलेल्या प्रतीवर खर्च वाटला की चित्र पूर्ण उलटतं. सहाशे छापणाऱ्याला विकलेली प्रत २३१ रुपयांना पडते आणि ‘स्वस्तात’ दोन हजार छापणाऱ्याला ३७८ रुपयांना, म्हणजे अंकाच्या छापील किमतीपेक्षाही जास्त.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की ४५० हा आकडा आधीच हार मानल्यासारखा आहे, प्रती असल्या तर विक्री वाढेल. ठीक, किती वाढायला हवी ते पाहू. जादा चौदाशे प्रतींचा खर्च ६६ हजार. या प्रती ओळखीच्या वर्तुळाबाहेर, म्हणजे वितरकामार्फतच जाणार, हाती दीडशे येणार. ६६ हजार भरून निघायला आणखी ४४० प्रती विकल्या पाहिजेत. विक्री जवळजवळ दुप्पट झाली की मग संपादक तिथे येतो जिथे तो सहाशे प्रती छापून आधीच उभा होता. म्हणून प्रश्न प्रत कितीला पडते हा नाही. हे ४४० लोक कोणत्या गावात राहतात आणि त्यांच्यापर्यंत अंक कोण नेणार, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर नावांनी देता येत असेल तर जरूर दोन हजार छापाव्यात.

उत्तर बहुधा ‘पुण्या-मुंबईला पाठवू’ असं असतं. अप्पा बळवंत चौकात किंवा दादरला अंक दिसला नाही तर तो निघाला हेच कोणाला कळत नाही, या म्हणण्यात तथ्य आहे. पण तिथे पाठवलेला अंक विकला गेलेला नसतो, तो मांडायला दिलेला असतो. व्यवहार परतीच्या बोलीवर चालतो: विकले तेवढ्याचे पैसे, उरलेले परत. शेकडो अंकांच्या गर्दीत धाराशिवचा अनोळखी अंक टेबलाच्या कोणत्या कोपऱ्यात राहील याचा अंदाज कोणीही बांधू शकतो. हिशेब दिवाळीनंतर काही महिन्यांनी येतो. मधल्या काळात संपादकाच्या वहीत ‘पाठवले ३००’ ही नोंद विक्रीसारखी वागत राहते आणि त्या भरवशावर छापखान्याला तारीख दिली जाते. परत आलेले गठ्ठे उघडले की कोपरे दुमडलेले, लॅमिनेशनवर ओरखडे. पुस्तक पुढच्या वर्षी विकता येतं, दिवाळी अंक येत नाही. तुळशीचं लग्न लागलं की त्याची मागणी ओसरते. रद्दी किलोला पंधरा रुपयांनी गेली तर तीनशे ग्रॅमच्या त्या प्रतीचे साडेचार रुपये येतात, जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. दूर पाठवायला माझा विरोध नाही. पन्नास प्रती पाठवाव्यात, त्या प्रसिद्धीच्या खर्चात लिहाव्यात आणि त्यांचे पैसे आले तर वरकमाई मानावी.

टपालाकडूनही हाच धडा मिळतो. नियतकालिकांना टपालात जी अगदी स्वस्त सवलत आहे तिच्यासाठी अंक जास्तीत जास्त एकतीस दिवसांच्या अंतराने निघावा लागतो आणि वर्गणीदारांची खरी यादी असावी लागते. वर्षभर चालणाऱ्या मासिकाला हे साधतं, फक्त दिवाळीला निघणाऱ्या अंकाला नाही. जुनी छापील पुस्तकांची स्वस्त टपालसेवा २०२४च्या डिसेंबरात बंद झाली. तिच्या जागी २०२५च्या १ मेपासून ‘ज्ञान पोस्ट’ आली, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर. कवितासंग्रहाला ती उपयोगी आहे. पण जाहिराती असलेलं प्रकाशन तिच्यात बसत नाही, आणि जाहिरातींशिवायचा दिवाळी अंक शोधूनच काढावा लागेल. राहतं स्पीड पोस्ट किंवा कुरिअर, जिथे वजनाचा टप्पा ओलांडला की दर चढतो. म्हणून कागद निवडताना वजनकाटाही पाहावा. सत्तरऐवजी साठ जीएसएम घेतला तर प्रत जवळजवळ चाळीस ग्रॅमनी हलकी होते, सहाशे प्रतींमागे कागदाचे दोन हजारांहून अधिक वाचतात. मात्र पातळ कागदावर मागच्या बाजूची शाई डोकावते, ठसठशीत रेखाचित्रांच्या मागे तर फारच. म्हणून नमुना कागदावर एक फॉर्म छापून उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. जिल्ह्यात मात्र टपालाची फारशी गरज नाही. एसटीने गठ्ठा तालुक्याला जातो. परंड्याचा ओढा बार्शीकडे, उमरग्याचा सोलापूर आणि सीमेपलीकडे, कळंबचा लातूर-बीडकडे, त्यामुळे एकच माणूस सगळीकडे पुरत नाही. तालुक्यागणिक एक, पंचवीस प्रतींची जबाबदारी घेणारा, असा माणूस लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिवाळी अंक विक्रीवर चालतच नाही, जाहिरातींवर चालतो, मग विक्रीच्या हिशेबात कशाला शिरायचं? साडेसोळा हजारांची तूट जाहिरातींनीच भरायची आहे, हे मला मान्य. पण धाराशिवच्या अंकात जाहिरात कोण देतं ते पाहा. पतसंस्था, सराफ, साखर कारखाना, शिक्षणसंस्था, कृषी सेवा केंद्र. मजकूर बहुधा शुभेच्छांचा. हा जाहिरातदार खप विचारत नाही. तो संपादकाशी असलेल्या संबंधापोटी देतो आणि आपलं पान दिसलं की त्याचं काम झालं. म्हणजे त्याच्यासाठी दोन हजार छापायची गरजच नाही, त्याला तीन प्रती नीट पोचल्या तरी पुरे. शिवाय हे उत्पन्न आणि अंकाची विक्री एकाच पावसावर उभी आहेत. जिल्ह्याचं दिवाळीचं चलन सोयाबीनच्या पैशातून फिरतं. २०२५च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात पूर आला आणि उभी पिकं पाण्याखाली गेली, दिवाळी जेमतेम महिन्यावर होती. अशा वर्षी सराफाकडे कोणत्या तोंडाने पावती पुस्तक न्यायचं? जाहिरात आटते तेव्हाच गिऱ्हाईकही आटतं. त्यामुळे एकाचा तोटा दुसऱ्याने भरण्याची आशा नेमकी गरजेच्या वर्षी फसते. ज्याने जुलैमध्ये दोन हजार प्रतींचा कागद घेऊन ठेवला त्याला मागे फिरता येत नाही. सहाशेवाल्याला चारशेवर येता येतं.

जाहिरातीचा आणखी एक पैलू हिशेबात सुटतो. कागद सोळा पृष्ठांच्या फॉर्मने चालतो. शेवटच्या आठवड्यात चार जाहिराती वाढल्या म्हणून १६० चं १६४ होत नाही, नवा फॉर्म चढवावा लागतो. सहाशे प्रतींसाठी एका फॉर्मचा कागद, प्लेटा आणि छपाई मिळून सव्वातीन हजार होतात. चार जाहिराती पाचशे-पाचशेच्या असतील तर त्या आल्यामुळेच साडेबाराशेचा तोटा होतो. आधीच्या मजकुरातली चार पृष्ठं पुढे ढकलून तेच पैसे वाचवता येतात. अंकाचा अनुभवी जुळारी पृष्ठांची यादी सोळाच्या पटीत आखून घेतो आणि वर चार-सहा पृष्ठांचा असा मजकूर ठेवतो की जो वेळ पडल्यास काढता येईल.

हजार-दोन हजारांची सवय आली कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात तिला कारण होतं. जुळवलेले खिळे पुढच्या कामाला लागत, त्यामुळे फॉर्म छापून झाला की तो सोडून खिळे पुन्हा खणांत टाकले जात. दुसऱ्यांदा छापायचं तर सगळी जुळणी पहिल्यापासून. तेव्हा लागतील तेवढ्या प्रती एकदाच काढून ठेवणं बरोबर होतं. आज फाइल संगणकात असते, प्लेट पुन्हा काढता येते. कारण गेलं, आकडा उरला. शिवाय ज्या दिवाळी अंकापासून आपण परंपरा मोजतो तो १९०९चा ‘मनोरंजन’चा अंक एका चालत्या मासिकाचा विशेषांक होता. काशिनाथ रघुनाथ मित्र ते मासिक १८९५पासून चालवत होते. दिवाळीला कोण घेणार याचा अंदाज त्यांच्याकडे वर्षभराच्या वाचकांवरून होता. फक्त दिवाळीला उगवणाऱ्या अंकाने त्यांच्याकडून थाट घेतला, ती यादी घेतली नाही.

कोणी म्हणेल, सहाशे संपल्या आणि मागणी राहिली तर? तर ती आनंदाची अडचण आहे आणि तिला उपाय आहे. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही, पन्नास प्रतीही निघतात. पृष्ठाला ऐंशी पैसे आणि मुखपृष्ठ-बाइंडिंगचे ३५ धरले तर प्रत १६३ रुपयांना पडते. वितरकाकडून दीडशे येतात, तिथे ती देता येणार नाही. थेट विकली तर ८७ रुपये उरतात. म्हणजे दुसरी खेप फक्त थेट मागणाऱ्यांसाठी, ही मर्यादा पाळली तर महाग प्रतही तोटा करत नाही.

मोठी आवृत्ती कुठे योग्य ठरते हे पाहायला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. तुळजापुरात देवळाच्या वाटेवर आरतीसंग्रह आणि देवीमाहात्म्याच्या पोथ्या मांडलेल्या असतात. त्या पुस्तिकेला तारीख नाही, यंदा उरली तर पुढच्या नवरात्रात जाते. गिऱ्हाईक स्वतः दारात येतं, पाठवणीचा खर्च नाही. मजकूर ठरलेला, त्यामुळे पहिला ढीग जवळजवळ शून्य आणि सगळा खर्च कागद-बाइंडिंगचा. तिथे जास्त छापणाराच शहाणा. दिवाळी अंकाला यातली एकही गोष्ट लागू नाही. राहिला वाचकांचा मुद्दा. २०२०च्या १० ते १२ जानेवारीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिवला भरलं. ग्रंथप्रदर्शनही भरलं. त्याचा दाखला देऊन जिल्ह्यात वाचक आहे असं सांगितलं जातं, आणि तो आहेच. पण तीन दिवसांची गर्दी आणि ऑक्टोबरात अंक घेणारा माणूस यांच्यामध्ये दुकान, निरोप आणि ओळख असा रस्ता लागतो. सार्वजनिक वाचनालयांत तर एक प्रत दिवाळीपासून होळीपर्यंत कित्येकांच्या हातांतून फिरते. लेखकाच्या दृष्टीने ते सोनंच, पण हिशेबात ती एकच प्रत, आणि तिचं बिल अनुदान आल्यावर निघतं.

शेवटचा आक्षेप नैतिक सुरात येतो: साहित्याला इतका वाण्याचा हिशेब लावू नये. हे म्हणणारे अंदाजपत्रक आवळायची वेळ आली की सर्वांत आधी जी ओळ खोडतात ती मानधनाची असते. ‘परवडत नाही’ असं लेखकाला कळवलं जातं आणि लेखक समजूतदारपणे गप्प बसतो. आपल्या हिशेबात पंचवीस लेखकांचं मानधन २५ हजार होतं. न विकल्या जाणाऱ्या चौदाशे प्रतींचा खर्च ६६ हजार.